निष्कर्ष: गार्डेड हॉट प्लेटवर थर्मोकोलची कंडक्टिव्हिटी

१६ किलो/घनमीटर डेन्सिटीच्या थर्मोकोलच्या दोन चकत्यांसाठी आमची k ०.०३९४ वॅट/मीटर·केल्विन आली. सप्लायरच्या डेटाशीटवर ०.०३६ छापलंय, म्हणजे वरवर बघितलं तर ९ टक्के जास्त, आणि पहिल्यांदा आम्हालाही वाटलं की कुठूनतरी हीट लीक होतेय. पण डेटाशीटची व्हॅल्यू १० डिग्री मीन टेंपरेचरची आहे, आमच्या प्लेट्स ५१.३ आणि ३०.१ वर होत्या, म्हणजे मीन जवळपास ४०.७. थर्मोकोलच्या बबलमधली हवा तापली की जास्त कंडक्ट करते, शिवाय रेडिएशनही वाढतं, त्यामुळे k डिग्रीमागे साधारण ०.०००१४ ने चढते. तेवढं धरलं तर ४०.७ ला ०.०४०३ च्या आसपास यायला पाहिजे. म्हणजे आमचा आकडा जास्त नाही, उलट २ टक्के कमीच आहे, आणि एरर शोधायची दिशाच बदलते.

k = Q·L / (2·A·ΔT)

इथे Q म्हणजे सेंट्रल हीटरची पॉवर, L चकतीची जाडी, A सेंट्रल प्लेटचं क्षेत्रफळ, ΔT गरम-थंड प्लेटमधला फरक, आणि 2 यासाठी की हीट दोन्ही चकत्यांतून जाते. यातला सगळ्यात नाजूक भाग Q. सेंट्रल हीटरला ७.४ व्होल्ट आणि ०.०७५ अँपिअर, म्हणजे फक्त ०.५५५ वॅट, अर्धा वॅट म्हणा ना! एवढ्याशा पॉवरमध्ये सेंटरभोवतीचा गार्ड थोडा जरी वरखाली झाला तरी लगेच दिसतं. चेक म्हणून एका रनमध्ये गार्ड मुद्दाम सेंटरपेक्षा २ डिग्री गरम ठेवला, तर सेंटरचं टेंपरेचर तेच ठेवायला ०.४७ वॅटच पुरले, म्हणजे दोघांमधल्या गॅपमधून डिग्रीमागे ०.०४ वॅटच्या वर हीट आत येत होती. मेन रनमध्ये गार्ड ०.३ डिग्री वर राहिला होता (डिमर त्याहून बारीक फिरतच नाही), म्हणजे अंदाजे ०.०१३ वॅट फुकटचे आत आले जे आपण मोजलेच नाहीत, म्हणून k तेवढीच, २.३ टक्के, कमी आली. करेक्शन लावलं की ०.०४०३. आकडा अगदी जुळतोय, पण खूश होण्यासारखं काही नाही, कारण ते ०.३ वाचणाऱ्या इंडिकेटरचा लीस्ट काउंटच ०.१ आहे आणि दोन थर्मोकपल आपापसात ०.२ ने हलतात.

दुसरी गोष्ट म्हणजे स्टेडी स्टेट. थर्मोकोल स्वतः पाच-सहा मिनिटांत सेटल होतो, वेळ लावते ती पितळी प्लेट. सेंट्रल प्लेटची हीट कपॅसिटी अंदाजे २५० जूल/केल्विन धरली तर १० मिनिटांत ०.१ डिग्रीचा ड्रिफ्ट म्हणजे ०.०४ वॅट, म्हणजे Q मध्ये ७ टक्क्यांच्या वर! डिस्प्लेवर शेवटचा एकच अंक बदललेला असतो आणि आपल्याला वाटतं झालं स्थिर. म्हणून शेवटच्या ४० मिनिटांत ०.१ च्या आत बदल असेल तरच रीडिंग घेतली, तरी त्यातून २ टक्के अनिश्चितता उरतेच, आणि प्लेट चढत होती की उतरत होती हे ०.१ च्या डिस्प्लेवरून सांगता येत नाही.

बाकीची अनिश्चितता: मीटरचे व्होल्ट-अँपिअर मिळून १.९ टक्के, ΔT मध्ये २ टक्के, जाडीत १.२ टक्के (चकती २५ मिमी म्हणून आली, व्हर्नियरने २४.६ भरली, आणि २५ च धरली असती तर k आपोआप दीड टक्का वाढली असती), गार्डच्या करेक्शनमध्ये दीड टक्का. ड्रिफ्टचे २ धरून सगळ्यांचे वर्ग करून बेरीज आणि वर्गमूळ घेतलं की साधारण ४ टक्के. म्हणजे रिपोर्ट करायची व्हॅल्यू ४०.७ डिग्रीला ०.०४० ± ०.००१६ वॅट/मीटर·केल्विन.

कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स यात धरलेला नाही. चकतीच्या दाणेदार पृष्ठभागावर ०.१ मिमी हवेची फिल्म राहिली तर एका बाजूला ०.६ टक्के, दोन्हीकडचे मिळून सव्वा टक्का, आणि तोही k कमीच दाखवतो, म्हणजे खरी व्हॅल्यू किंचित वरच असणार. क्लॅम्प जास्त आवळून हा गॅप घालवायचा मोह होतो पण मग थर्मोकोल दबतो आणि जाडीच बदलते. ओलाव्याचा प्रश्न ग्लासवूलला मोठा असतो, इथे फारसा नाही. कडेने होणारा लॉसही किरकोळ, कारण गार्ड ४९ मिमी रुंद आहे आणि चकती त्याच्या निम्मीच जाड, फक्त पंखा चालू असला की कडेची थर्मोकपल नाचतात, म्हणून तो बंद ठेवला होता.

या सेटअपमध्ये एकच गोष्ट बदलायची तर गॅपवर दोन सुटी थर्मोकपल न ठेवता सिरीजमध्ये जोडलेल्या सात-आठ जोड्यांची डिफरन्शियल थर्मोपाइल बसवावी आणि तिचा मिलिव्होल्ट शून्य करून गार्ड सेट करावा. मग गार्डच्या करेक्शनमधल्या दीड टक्क्यापैकी बराचसा जातो, आणि पुढचा अडथळा अँपिअर मीटर ठरतो, कारण ०.०७५ मध्ये शेवटचा ५ खरा की नाही हे तो सांगू शकत नाही.