वीस बादल्या

आमच्या शाळेत कॉम्प्युटर एकच, त्यामुळे प्रत्येकाला 40 मिनिटं, आणि मला त्या 40 मिनिटांत पावसाच्या पाण्याची टाकी बांधायची होती, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, खरी बांधायच्या आधी किती मोठी लागेल ते सरांना सांगायचं होतं.

आधी छपराचं माप चुकलं. मी उतारावरून टेप धरला होता, पण पाऊस तर वरून खाली पडतो, म्हणून खालच्या जमिनीचं माप धरायला हवं, ते आलं 30 बाय 8, म्हणजे 240 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे बरोबर 1 लिटर, हे मला अजूनही फार भारी वाटतं. थोडं पाणी उडतं, सांडतं म्हणून 0.85 ने गुणलं, तर मिमीमागे 204 लिटर. मग रोजचा हिशोब, B मध्ये पाऊस, C मध्ये टाकीतलं पाणी, D मध्ये शाळा असेल तर 1, सुट्टी असेल तर 0:

```
=MAX(0,MIN($F$1,C2+B3*204-$F$2*D3))
```

F1 मध्ये 10000 लिटरची टाकी, F2 मध्ये रोजचा वापर 600. अख्ख्या पावसाळ्यात टाकी फक्त 9 दिवस रिकामी! मी जाम खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर 27 दिवस रिकामी. कुणीतरी F2 मध्ये 900 केलं होतं. एवढा राग आला ना, की आदल्या दिवशी माझ्यानंतर बसलेल्या सातवीतल्या मुलाला मी थेट वर्गात जाऊन गाठलं. तो घाबरला नाही, म्हणाला, "ताई, तू टॉयलेटचं पाणी धरलंच नव्हतंस. मावशी रोज 15 लिटरच्या वीस बादल्या नेतात, मी मोजल्या."

मी नळ मोजले होते, पिण्याचं पाणी मोजलं होतं, पण त्या बादल्या रोज समोरून जात असूनही माझ्या डोक्यातच आल्या नव्हत्या. काय बोलणार, खुर्ची ओढून त्याला शेजारी बसवलं. F1 मध्ये 15000 टाकलं, रिकामे दिवस कमी झाले पण गेले नाहीत, आणि तेवढ्यात पुढच्या मुलीचा नंबर आला.

बाहेर मावशी बादली धुवत होत्या. मी विचारलं, "मावशी, बादली काठोकाठ भरता का हो?"

"नाही गं, चार बोटं कमीच, नाहीतर जिन्यावर सांडतं."

आम्ही दोघांनी तिथंच चार बोटं कमी पाणी भरलं आणि लिटरच्या मापाने मोजून काढलं, 13 भरलं. वीस बादल्या, 260. पुढच्या मुलीला म्हटलं, प्लीज, एकच सेल, आणि तिनेच F2 मध्ये 860 टाइप केलं.