तुझ्या बिझनेसबद्दल

अरे सुन्या, काल सराफ्यात तू एवढं समजावलंस आणि मी नुसता हो हो करत गराडू खात बसलो, म्हणून आज नीट लिहितोय. मी जॉइन नाही होणार रे. विचार करून कळवतो असं म्हणून तुला लटकवून ठेवणं मला बरं नाही वाटत.

तुझा प्लॅन खोटा आहे असं नाही म्हणत मी, पण मला विकणं जमतच नाही, सोसायटीतल्या काकूंना प्रोटीन पावडर घ्या म्हणताना माझी जीभच वळणार नाही आणि मग खाली माणसं जोडायची म्हणजे उरलेले नातेवाईकही फोन उचलायचे बंद होतील.

एक मात्र मित्र म्हणून सांगतो, राग मानू नकोस. २०२१ चे डायरेक्ट सेलिंगचे नियम आहेत ना, त्यात जॉइनिंग फी घ्यायला बंदी आहे आणि नुसती माणसं जोडण्याबद्दल कमिशनही चालत नाही. तुझे ते स्टार्टर किटचे पैसे नक्की कशाचे, आणि न विकलेला माल परत घेतात का, हे अपलाइनला लेखी विचार. आणि स्टॉकसाठी वहिनींचे दागिने बिगिने ठेवू नकोस बाबा.

तो हर्बल साबण दोन पाठव, एमआरपीने घेतो, पण आयडी वगैरे नको. झूम मीटिंगच्या लिंकाही नको पाठवूस. रविवारी छप्पन दुकानला पोहे-जिलबी माझ्याकडून, ये नक्की, फक्त ती डायरी घरी ठेव😄