नवीन संकलन डॅशबोर्ड : मंगळवारी लाईव्ह करायच्या आधी टॅली करायची यादी

मंडळी, मंगळवारी १७ जूनला दूध संकलनाचा नवीन डॅशबोर्ड सगळ्यांना द्यायचाय. त्याआधी सोमवारी दुपारी ४ पर्यंत खालची यादी पूर्ण करायची आहे, कोणी काय बघायचं तेही लिहिलंय. जरा लांबलंय पण एकदा नीट वाचा, नाहीतर सोमवारी तेच तेच फोनवर सांगत बसावं लागेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट. नवीन डॅशबोर्ड जुन्याशी जुळतोय की नाही हे बघायचं नाहीये. जुळवायचा तो मूळ पावत्यांच्या टेबलशी आणि लेखा विभागाच्या बिल रजिस्टरशी. जुना डॅशबोर्ड चार वर्षं कोणी तपासलेला नाही, त्याच्याशी तंतोतंत जुळला तर उलट मला काळजी वाटेल. जुन्याशी फरक का आला ते फक्त लिहून ठेवायचं, कारण साहेबांचा पहिला प्रश्न तोच असणार.

मुदत धरलीये १ ते १० जून, म्हणजे एक अख्खं दहा दिवसांचं बिल. डोंगराकडच्या काही केंद्रांना रेंज नसते, त्यांच्या पावत्या दिवस-दोन दिवस उशिरा चढतात, म्हणून गुरुवारी १२ तारखेला रात्री पावत्यांच्या टेबलची कॉपी काढून `pavti_1206` नावाने ठेवलीये आणि डॅशबोर्डची टेस्ट लिंकही त्याच कॉपीवर लावलीये. तुलना फक्त याच्याशीच करा. चालू टेबलवर केली तर तुम्ही सकाळी काढलेली बेरीज आणि मी दुपारी काढलेली बेरीज वेगळी येणार आणि मग फरक डॅशबोर्डचा की उशिरा आलेल्या पावत्यांचा यावर नुसती चर्चा.

मूळ आकडे हे. २१४ संस्था, २० सत्रं, १,७८,३४६ पावत्या, दूध ६,४८,२१२.५ लिटर, कपातीआधीची रक्कम ₹ २,३१,०८,४१२.३०. संस्थांचा आकडा सोडून बाकीचे या क्वेरीच्या ओळींची बेरीज करून काढलेत, ज्याला हवं त्याने परत चालवून बघा:

```sql
SELECT shift_date, shift, COUNT(*), SUM(liters), SUM(amount)
FROM pavti_1206
WHERE shift_date BETWEEN '2025-06-01' AND '2025-06-10'
  AND cancelled = 0
GROUP BY shift_date, shift;
```

आता नुसती वरची एकूण बेरीज जुळवून का थांबायचं नाही, ते कालच दिसलं. काल डॅशबोर्डवर एकूण दूध ६,४९,९६७.० दाखवत होता, म्हणजे १,७५४.५ लिटर जास्त. आता हा आकडा कुठल्याच संस्थेचा नाही, कुठल्याच दिवसाचा नाही, डोकं खाजवून काही हाती लागेना. मग रूटप्रमाणे फोडलं तेव्हा कळलं की यात दोन वेगळ्या भानगडी आहेत. एक संस्था ६ तारखेपासून दुसऱ्या रूटला गेली, पण रूट मास्टरमध्ये जुन्या ओळीला शेवटची तारीखच टाकलेली नाही, म्हणून ६ तारखेपासूनची तिची प्रत्येक पावती दोन्ही रूटला मोजली गेली आणि तिचं त्या पाच दिवसांचं सगळं दूध, २,८७४.५ लिटर, जास्तीचं चढलं. दुसरीकडे एक नवी संस्था आहे जिला अजून रूटच दिलेला नाही, ती जॉइनमध्ये गळली आणि १,१२०.० लिटर गायब झालं. एक अधिक, एक उणे, उरले १,७५४.५. उद्या हे दोन आकडे योगायोगाने सारखे निघाले असते तर वरची बेरीज छान जुळली असती आणि आपण पेढे वाटले असते. आता दोन्ही दुरुस्त झालंय, रूट नसलेल्या संस्था 'रूट ठरलेला नाही' या नावाखाली दिसतात, पण तपासून घ्या.

तर यादी. डावीकडे डॅशबोर्ड, उजवीकडे मूळ, फरक किती चालेल तेही.

१. पावत्यांची संख्या : मूळ टेबल. फरक शून्य. हे आधी करा, ओळीच जास्त असतील तर पुढची एकही बेरीज बघण्यात अर्थ नाही.

२. एकूण लिटर : मूळ टेबल. फरक शून्य, दशांशासकट.

३. तारीख आणि सत्र, वीसच्या वीस घरं : वरच्या क्वेरीचं उत्तर. शून्य. (वेळेची भानगड खाली लिहिलीये.)

४. रूटवार बेरीज, संस्थावार बेरीज आणि वरच्या कार्डावरचा आकडा, तिन्ही एकच आले पाहिजेत.

५. गाय आणि म्हैस वेगवेगळं. आणि नासकं दूध वेगळ्या ओळीत.

६. सरासरी फॅट : फॅट किलो भागिले एकूण किलो. दुसऱ्या दशांशापर्यंत जुळलं पाहिजे.

७. रक्कम : बिल रजिस्टरचा कपातीआधीचा रकाना. संस्थावार, रुपया-पैशासकट.

८. उत्पादकांची संख्या : संस्था कोड आणि सभासद नंबर दोन्ही धरून.

९. रद्द झालेल्या पावत्या कुठेच दिसत नाहीत ना.

१०. स्क्रीनवरचा आकडा आणि एक्सेलमध्ये उतरवलेल्या फाईलची बेरीज.

११. रूट सुपरवायझरच्या लॉगिनने उघडून, त्याला त्याचाच रूट दिसतो ना, आणि सगळ्या सुपरवायझरांची बेरीज एकूण येते ना ('रूट ठरलेला नाही' हा भाग सोडून, तो त्यांच्यापैकी कोणालाच दिसणार नाही).

१२. एका संस्थेचं एक सत्र, कागदावरच्या रजिस्टरशी, पावतीन पावती.

वेळेची भानगड अशी. `collected_at` हा रकाना यूटीसीमध्ये आहे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे ५:१२ ची पावती तिथे आदल्या दिवशीच्या रात्री ११:४२ ची दिसते. बहुतेक संस्था साडेपाचनंतर काटा सुरू करतात म्हणून हे पटकन लक्षात येत नाही, पण ज्या पाचलाच सुरू करतात त्यांचं अर्धा तासाचं दूध आदल्या तारखेला जाऊन बसतं. दहा दिवसांच्या बेरजेत फक्त कडेच्या तारखांना थोडासा फरक पडतो आणि लोक म्हणतात जाऊ दे. अजिबात जाऊ द्यायचं नाही. तारीख नेहमी `shift_date` वरूनच घ्यायची, आणि वेळेवरून काढायचीच असेल तर अशी:

```sql
(collected_at + INTERVAL '5 hours 30 minutes')::date
```

याच रकान्यावर कोणी `BETWEEN '2025-06-01' AND '2025-06-10'` लावलं तर दहा तारीख जवळजवळ सगळीच उडते, कारण शेवटचं टोक दहा तारीख सुरू होतानाच, मध्यरात्री बाराला संपतं. दोन चार्टमध्ये हे सापडलंय, बाकीचे डेव्हलपर मंडळींनी एकदा चाळा.

फॅटबद्दल. संस्थांच्या सरासरीची परत सरासरी काढायची नाही. समजा ९०० किलो गायीचं दूध ३.५ फॅटचं आणि १०० किलो म्हशीचं ६.५ चं. साधी सरासरी ५.० येते, खरी येते ३.८. दर फॅटवर ठरतो, त्यामुळे ५.० असं स्क्रीनवर दिसलं तर संकलनवाले दादा पहिल्या मिनिटात म्हणतील की हा डॅशबोर्ड फेकून द्या, आणि त्यांचं बरोबरच असेल. किलो काढताना लिटर गुणिले १.०३, तेच सगळीकडे. शीतकरण केंद्रावर टँकरचं जे वजन होतं त्याच्याशी हे शंभर टक्के जुळणार नाही, तिथे घट-वाढ असतेच, ती आपली चूक म्हणून यादीत टाकू नका.

रकमेत ₹ ८९३.४० चा फरक होता. आधी वाटलं एखादी पावती राहिली असेल, पण तो सगळ्या संस्थांमध्ये थोडा थोडा वाटलेला होता, आणि असं दिसलं की राउंडिंगचा संशय घ्यायचा. पावती छापताना पैशाच्या पुढचं कापलं जातं, डॅशबोर्ड मात्र दर गुणिले लिटर नव्याने करत होता. पावतीमागे सरासरी अर्धा पैसा धरला तरी पावणेदोन लाख पावत्यांचे नऊशेच्या आसपास होतात, म्हणजे हिशोब बसतो. आता पावतीवरची `amount` तशीच घेतोय. लेखावाल्या ताई, तुम्ही बघताना एवढंच ध्यानात ठेवा की पशुखाद्य आणि ॲडव्हान्सची कपात यात नाही, तुमच्या रजिस्टरचा शेवटचा रकाना लावाल तर कधीच जुळणार नाही.

उत्पादक ९,६४० आहेत. सभासद नंबर प्रत्येक संस्थेत एकपासून सुरू होतो, त्यामुळे नुसत्या नंबरवर मोजलं की कार्डावर ४१२ येतात, म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात एका मोठ्या संस्थेएवढेच शेतकरी. आणि हो, गाय ७,३१० अधिक म्हैस ३,९०५ ही बेरीज ११,२१५ होते, ती एकूणशी जुळत नाही आणि जुळूही नये, १,५७५ जण दोन्ही घालतात. हे कार्डाखाली छोट्या अक्षरात लिहून टाकू, नाहीतर कोणीतरी मीटिंगमध्ये कॅल्क्युलेटर काढणारच.

जुन्या डॅशबोर्डवर याच दहा दिवसांचे ६,४५,८७०.० लिटर दिसतात, २,३४२.५ ने कमी. तो फरक बरोब्बर नासक्या दुधाचा आहे, जुना ते धरतच नव्हता. म्हणजे इथे कोणाचं चुकलं असं नाही, व्याख्या वेगळी आहे.

फरक सापडला की थेट दुरुस्त करू नका प्लीज. शीटमध्ये ओळ टाका: कुठला आकडा, मूळ किती, डॅशबोर्ड किती, कुठल्या फिल्टरवर, आणि कारण सापडलं का. 'किरकोळ फरक' असं कारण चालणार नाही. दुरुस्ती झाल्यावर १ ते ४ परत करायचे, कारण रूटचा जॉइन नीट करताना सत्रांचा एक चार्ट रिकामा झाला होता.

वाटणी: १ ते ५ आणि ९ मी. ६ आणि १२ संकलनवाले दादा, रजिस्टरसाठी पहाटे पाचला काटा सुरू करणारी संस्थाच निवडा म्हणजे वेळेचंही आपोआप तपासून होईल. ७ लेखावाल्या ताई. ८, १०, ११ डेव्हलपर मंडळी. लाखाचे स्वल्पविरामही बघा, ६,४८,२१२ असं हवं, एका कार्डावर अजून ६४८,२१२ येतंय.

सोमवारी ४ ला एक जरी ओळ लाल राहिली तर मंगळवारी जुनीच लिंक चालू राहील. हे साहेबांना सांगून ठेवलंय, त्यामुळे कोणावर प्रेशर नाही. नासकं दूध एकूणमध्ये धरून दाखवायचं की बाजूला, एवढं मात्र संकलन आणि लेखा दोघांनी मिळून उद्या ठरवून मला कळवा, कार्डाचं नाव त्यावर ठरेल.