मूठ

पाऊस लागला की बबनच्या टपरीवर उभं राहायला जागा नसते. कराड एसटी स्टँडच्या बाहेर, रिक्षा थांब्याला लागून. जुलैभर भजीची कढई खाली उतरली नाही आणि महिनाअखेरीला किराणावाल्याचे पैसे मात्र तटले.

"चहाच्या उधारीनं मारलं," बबन म्हणाला. कंडक्टर मंडळींची वही त्यानं दोनदा चाळली. निघाले जेमतेम ६४० रुपये.

धाकटी बारावी कॉमर्सला. ती म्हणाली, "अण्णा, एक दिवस सगळं तोलून घालू. आईला सांग, अंदाजानं काही टाकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सुमननं कुरकुरत का होईना, तोलून घातलं. बेसन २ किलो, २०० रुपये. कांदा ३ किलो, ९०. मिरची, कोथिंबीर, ओवा, मीठ ४०. गॅसचे ९०, चटणी आणि कागद २५. तेल दिवसभरात अडीच किलो ओतलं, ३७५ रुपये. रात्री कढईत किलोभर उरलं, पण काळंकुट्ट. फेकायचंच ते, म्हणून पोरीनं सगळंच खर्चात धरलं. एकूण ८२०.

वडापावात वड्यामागे चार रुपये सुटत होते. चहाही बरा होता. भजीच्या गल्ल्यात मात्र आले ७६०.

"साठ रुपये तोटा? एवढी गर्दी असून?"

"प्लेटी किती गेल्या?"

"अडतीस."

"५ किलो भजी तळली. १०० ग्रॅमची प्लेट धरली तर ५० व्हायला पाहिजेत."

सुमन काही बोलली नाही. तिनं उरलेला घाणा तराजूजवळ सरकवला. "घाला बघू एक प्लेट, रोजच्यासारखी."

बबननं मूठ भरून कागदावर टाकली, वर सवयीनं दोन भजी ठेवली. काटा १३० च्या पुढं गेला.

वडा मोजून जातो, भजी मुठीनं जाते. आणि त्याची मूठ मोठी. बापाचीही तशीच होती, लोक त्यासाठीच यायचे.

"उद्यापासून तोलून द्या," सुमन म्हणाली.

"पावसात भिजून आलेल्या माणसापुढं तराजू धरू? सोन्याचं दुकान आहे का?"

रात्री त्यानं पाटीवरचा २० पुसून २५ लिहिला. सकाळी पहिल्याच ड्रायव्हरनं पाटीकडं बघितलं, मग कागदातल्या भजीकडं. "वाढवले व्हय?" म्हणाला आणि खात राहिला. संध्याकाळपर्यंत ३३ प्लेटी गेल्या, म्हणजे ८२५ रुपये. दोघं मात्र नुसता चहा पिऊन गेले, ते बबनला दिवसभर आठवत राहिले.

"पाचच रुपये सुटले," तो खट्टू होऊन म्हणाला. हिशेब ऐकता ऐकता त्याचा हात परातीत उरलेल्या भजीकडं गेला होता.

पोरीनं पेन उचललं. "अण्णा, ही खाताय ती उचल म्हणून लिहू का?"

हात तसाच थांबला.

"लिही," सुमन म्हणाली. "आधी तोल."