मीटर कुणाच्या नावावर?

‘प्रिय ग्राहक, आपल्या मागील महिन्याच्या वीजबिलाची नोंद झालेली नाही. आज रात्री 9.30 वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल. त्वरित विद्युत अधिकाऱ्यांशी संपर्क साधा.’ खाली दहा आकडी मोबाइल नंबर.

देवरे सरांनी चष्मा पुसून मेसेज पुन्हा वाचला. संध्याकाळचे साडेसहा झाले होते. अमळनेरात सखाराम महाराजांचा रथ होऊन आठवडा उलटला होता आणि वैशाखाचं ऊन भिंतींतून अजून बाहेर पडत होतं. आतल्या खोलीत कुलर घरघरत होता. कमलबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. काळा चष्मा लावून त्या पलंगावर पडून होत्या. डोळ्याला घाम लागू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रात्री साडेनऊला लाइट गेली तर ही सबंध रात्र कशी काढायची, हाच विचार सरांच्या मनात पहिल्यांदा आला.

दुसरा विचार नीलेशचा. नोकरीच्या सगळ्या वर्षांत आणि निवृत्तीनंतरही सर दर महिन्याला स्वतः रांगेत उभे राहून बिल भरत. पावती तारेला टोचून ठेवत. ती तार अजून स्वयंपाकघराच्या दाराआड लटकत होती. दिवाळीला पुण्याहून आलेला नीलेश म्हणाला, “आप्पा, उन्हातान्हात कशाला जाता? मी मोबाइलवरून भरत जाईन.” तेव्हापासून तारेला नवी पावती लागली नव्हती. एप्रिलात नीलेशची नोकरी बदलली होती, फोनवरही तो घाईत असे. विसरला असेल. आणि ‘बाळा, बिल भरलंस का?’ असं विचारलं, तर त्याला किती लागेल! आधीच आईच्या ऑपरेशनला येता आलं नाही म्हणून तो खंतावला होता. गुपचूप आपणच भरून टाकावं, त्याला कळूही देऊ नये, असं सरांनी ठरवलं.

तेवढ्यात फोन वाजला.

“नमस्कार सर. देवरे सरच ना? वीज कार्यालयातून विद्युत अधिकारी बोलतोय. मेसेज मिळाला का?”

आवाज तरुण, नम्र. प्रत्येक वाक्यात ‘सर’. भूगोल शिकवण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला ‘सर’ या हाकेला ओ द्यायची सवयच असते.

“मिळाला. पण बिल भरलेलं असणार. मुलगा भरतो.”

“पैसे भरले असतील सर, पण सिस्टिममध्ये अपडेट झालेलं नाही. आज रात्री यादी निघाली की लाइन आपोआप कट होईल. पुन्हा जोडायला दोन-तीन दिवस जातात. तुम्ही ज्येष्ठ नागरिक, म्हणून मी स्वतः फोन केला.”

“उद्या सकाळी ऑफिसात येऊ का?”

“उद्या उशीर होईल सर. आत्ता दहा रुपये भरून अपडेट करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त फोन कट करू नका आणि मध्ये दुसऱ्या कुणाला फोन लावू नका. प्रोसेस तुटते.”

दहाच रुपये. सरांचा जीव भांड्यात पडला. हजार-दोन हजार मागितले असते तर ते थबकले असते.

त्या मुलाने एक लिंक पाठवली. ती दाबली, ॲप उतरलं. फोनने काहीतरी इशारा दाखवला. “तो येतोच सर, ‘परवानगी द्या’ वर दाबा,” मुलगा म्हणाला. सरांनी दाबलं. बोट थरथरत होतं, कारण घड्याळात सात वाजायला आले होते आणि मुलगा मध्ये मध्ये म्हणत होता, “लवकर सर, यादी जायला आली.” वर्गात उत्तर यायला वेळ लागला तरी पोराला कधी घाई न करणारे सर त्या क्षणी स्वतःच घाबऱ्या विद्यार्थ्यासारखे झाले होते.

“आता स्क्रीनवर नऊ आकडे दिसतील. ते सांगा.”

सरांनी फोन स्पीकरवर टाकला, डोळ्यांजवळ नेला. “चार… एक… सात…”

“कोन शे हो?” आतून कमलबाईंचा आवाज.

“लाइटवाले. बिलाचं आहे.”

“पुढचे आकडे सर.”

“शून्य… सहा… दोन…”

“काय म्हनस तो?”

“आपलं मीटर बंद होणार होतं. तो अपडेट करून देतोय.”

मुलाने आवाज जरा चढवला. “देवरे सर, मॅडमना नंतर सांगा. तुमच्या नावावरचं कनेक्शन आहे, जबाबदारी तुमची आहे. शेवटचे तीन आकडे बोला.”

पलंगाची करकर झाली. कमलबाई भिंत चाचपत दारापर्यंत आल्या. काळ्या चष्म्याआडून त्यांना नवऱ्याची नुसती आकृती दिसत असावी.

“मीटर तं मायना नाववर शे ना? मंग तो तुमनं नाव काब्र ली ऱ्हायना?”

सरांचं बोट स्क्रीनवरच थांबलं.

घर आईचं. मीटर आईच्या नावावर. तिला जाऊन अकरा वर्षं झाली, नाव बदलायचा अर्ज करायचा करायचा म्हणत राहिला, आणि महावितरणच्या प्रत्येक बिलावर अजून तिचंच नाव छापून येतं. ज्याच्यापुढे हे बिल उघडं आहे, तो सरांना देवरे सर म्हणून ओळखेलच कसा? त्याने आधी आईचं नाव घ्यायला हवं.

सरांच्या आवाजातली थरथर गेली. “साहेब, तुमच्यासमोर आमचं बिल आहे ना?”

“हो सर, समोरच आहे.”

“मग ग्राहकाचं नाव वाचा.”

“तुमचंच नाव आहे सर.”

“पूर्ण वाचा. आणि ग्राहक क्रमांक सांगा. बारा आकडी असतो.”

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग नम्रता संपली. “म्हाताऱ्या, अंधारात बसायचं असेल तर बस! साडेनऊला लाइन गेली की माझ्याच पाया पडशील. आकडे सांग!”

सरांनी फोन कट केला. लगेच पुन्हा वाजला. पुन्हा कट केला. शेजारच्या मोहिनीला हाक मारली. ती कॉलेजात शिकणारी, गच्चीवर वाळवलेले बिबडे काढत होती. तिने येऊन आधी फोनचं इंटरनेट बंद केलं, मग ते ॲप काढून टाकलं.

“आजोबा, पिन टाकला होता का कुठे?”

“नाही. सहा आकडे सांगितले.”

“नऊ सांगितले असते तर तुमची सगळी स्क्रीन त्याला तिकडे दिसली असती. दहा रुपये भरताना पिन टाकला की तो दिसला असता, बँकेचा ओटीपी आला की तोही. दहा रुपये त्याला नकोच होते.”

मोहिनीच्या फोनवरून सरांनी नीलेशला फोन लावला. बिल? ते तर त्याने तीन तारखेलाच भरलं होतं. पावतीही पाठवली होती, ती शेकडो ‘सुप्रभात’च्या खाली गाडली गेली होती. “आप्पा, मला का नाही विचारलंत?” नीलेश म्हणाला. सरांना उत्तर देता आलं नाही. फोन कमलबाईंनी घेतला.

साडेनऊ वाजले. कुलर चालूच होता.

सकाळी सर बँकेत जाऊन आले. खात्यातून काही गेलेलं नव्हतं, तरी व्यवहाराचा पिन बदलून घेतला. तिथून महावितरणच्या ऑफिसात गेले. वायरमन दारातच भेटला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “सर, आमचा मेसेज कुणाच्या मोबाइल नंबरवरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी VM-MSEDCL असं काहीतरी दिसतं. आणि थकबाकी असली तरी एका रात्रीत लाइन कोणी तोडत नाही. आधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, कायदाच आहे तसा. तोडायची वेळ आली तरी मला शिडी घेऊन खांबावर चढावं लागतं. साडेनऊला अंधारात कोण चढणार?” शंका आली तर 1912 वर विचारायचं, हेही त्याने सांगितलं. सरांनी ते वहीत टिपलं. आणि आईच्या नावाचा राहून गेलेला अर्जही तिथेच मागून घेतला.

संध्याकाळी निवृत्त मंडळी नेहमीच्या कट्ट्यावर जमली. सरांनी काही न लपवता सांगितलं. ॲप कसं उतरवलं, सहा आकडे कसे दिले, कमलबाईंनी कसं थांबवलं. कोणी म्हणालं, “सर, तुमच्यासारखा माणूस?” एकाने स्वतःच्या फोनमधला तसाच मेसेज दाखवला. चर्चा रंगली, मग बाजारभावावर आणि कपाशीच्या बियाण्यावर गेली.

पवार गुरुजी मात्र काही बोलले नाहीत. सगळे उठल्यावर ते सरांबरोबर बोरीच्या पुलापर्यंत चालत आले. तिथे थांबले.

“सर, मना भी गयात.”

“काय?”

“पैसे. चौऱ्याऐंशी हजार. असाच फोन होता.” पवार गुरुजी अहिराणीतून एकदम प्रमाण भाषेवर आले, जणू शाळा तपासणीला साहेब समोर उभे होते. “घरात सांगितलं, भाच्याला उसने दिले. रोज सून विचारते, भाचा कधी देणार? दोन महिने झाले, मी बँकेचं पासबुक भरून आणलेलं नाही. ती बघेल म्हणून.”

“पोलिसांत गेलात?”

“कोणत्या तोंडाने? माझ्या हाताखालची पोरं आज हवालदार आहेत.”

सर बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. कालची संध्याकाळ त्यांना आठवली. आणखी तीन आकडे, एवढंच अंतर होतं दोघांत. आणि गुरुजींच्या घरी त्या वेळी दारात कोणी येऊन उभं राहिलं नव्हतं.

“त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या नंबरवर फोन केला असता तर पैसे मधेच अडवता आले असते कदाचित,” सर म्हणाले. “आता मिळतील असं मी सांगणार नाही. पण तक्रार करायची. cybercrime.gov.in वर होते, मोहिनी भरून देईल. ज्या खात्यात पैसे गेले ते खातं तरी पोलिसांच्या नजरेस येईल. चला.”

“आत्ता?”

“आत्ता. आणि आधी माझ्या घरी. कमलला सगळं सांगा. ती तुमच्या सुनेशी बोलेल.”

कमलबाईंनी मोहिनीकरवी चहा ठेवून घेतला. त्यांनी गुरुजींना एकच विचारलं, “जेवण जास का भाऊ नीट?” गुरुजींनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मोहिनी फोन घेऊन बसली. सरांनी वही उघडली, कारण तक्रारीत सगळं क्रमाने लिहावं लागतं आणि गुरुजींचं बोलणं सारखं मागेपुढे होत होतं.

“तारीख?”

“धुळवड होती. बँक बंद होती, म्हणून तर कुणाला विचारता आलं नाही.”

“फोन किती वाजता आला?”

“दुपारी. मी एकटाच होतो. सगळे रंग खेळायला गेले होते.”

“पहिल्यांदा काय म्हणाला तो?”

“सर म्हणाला,” पवार गुरुजी म्हणाले, आणि मग एकेक आठवत सांगू लागले.