शनिवारचा पिक्चर

ताई,

काल परत तेच झालं ना, आई विचारते जेवलास का, अर्णव म्हणतो येस, बाबा विचारतात शाळा काय म्हणते, तो म्हणतो गुड, मग सगळे गप्प, आणि आईने फोन इतका जवळ धरलेला की त्याला फक्त तिचं कपाळ दिसत असणार. म्हणून म्हटलं दर शनिवारी एक मराठी पिक्चर सोबत बघू, तुमचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आमचे संध्याकाळचे सात, नोव्हेंबरात तुमची घड्याळं मागे गेली की बघू काय ते.

पहिला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'च लावू. २००९ चा आहे, परेश मोकाशीचा, आणि नंदू माधव असला धमाल फाळके झालाय की मध्येच विसरायला होतं की हा माणूस घरातलं सामान विकून पिक्चर काढायला निघालाय. १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' आला, बाईचं काम करायला बाई मिळेना म्हणून तारामती झाली साळुंके नावाच्या स्वयंपाक्याची, हे ऐकून अर्णव लोळणार बघ. आणि फाळके आपल्या त्र्यंबकचे, हे बाबा सांगणारच, थांबवू नकोस. पांडवलेणीखाली फाळके स्मारकात तू घसरून गुडघा फोडून घेतला होतास तेही येणार त्यात.

मग 'एलिझाबेथ एकादशी'. पंढरपूरची पोरं आहेत, वडिलांनी बनवलेली सायकल विकायला लागू नये म्हणून वारीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान लावतात. अर्णवच्या वयाचीच आहेत, त्याला समजावून सांगायला लागणार नाही काही. 'अशी ही बनवाबनवी' तर लागेलच, पण बाबा प्रत्येक डायलॉग अशोक सराफच्या आधी म्हणतात, त्यामुळे तो तिसरा, तोवर अर्णवचा कान बसेल जरा. 'किल्ला' मला पर्सनली सगळ्यात आवडतो, कोकणातला पाऊस आणि बदलीच्या गावात आलेला मुलगा, पण संथ आहे, तू आणि मी वेगळा बघू. 'श्वास' सध्या नकोच, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ताच झालंय आणि त्यात पोराच्या डोळ्याचंच दुखणं आहे, काळा चष्मा काढून रडत बसेल.

एकच कर, मागच्यासारखं फोन टीव्हीसमोर धरायचं नाही, अर्णवने अर्धा पिक्चर आमचा पंखाच बघितला होता. तिकडे कुठे मिळतो ते जिजूंना शोधायला सांग, दोन्हीकडे आपापला लावू, एक दोन तीन म्हणून प्ले करू आणि कॉल बाजूला चालू, टीव्हीचा आवाज कमी ठेवा नाहीतर सगळं दोनदा ऐकू येतं. सबटायटल्स लावू नका हं, नाहीतर तो नुसतं वाचत बसेल.

अजून एक, फाळक्यांनी मटारचं रोप उगवताना थोडं थोडं शूट केलं होतं, ते पिक्चरमध्ये आहे. बाबांना नुसतं बोललो तर त्यांनी आजच कुंडीत चार दाणे टाकले, अर्णवलाही एका कपात टाकायला सांग, शनिवारी कोणाचा आधी वर आला ते बघू. बाबा आत्तापासूनच दिवसातून तीनदा माती उकरून बघतायत.

तुझा,
बंटी