मोबाइलवरून पैसे देणे : पहिला सराव

ज्येष्ठ नागरिक संघाचे सभागृह. गुरुवार, दुपारी 4 ते 5:30.

हा मजकूर मोठ्या टाइपात छापून प्रत्येकाला दिला आहे. तो सावकाश वाचूनही दाखवला जाईल. जिथे "थांबू या" असे लिहिले आहे, तिथे सर्वांचे होईपर्यंत पुढचे वाक्य वाचले जाणार नाही.

आजचे काम

नमस्कार मंडळी. आज आपण एकच गोष्ट करणार आहोत, ती म्हणजे समोरच्या माणसाला आपल्या मोबाइलवरून एक रुपया देणे. वीजबिल, रिचार्ज, एसटीचे आरक्षण यांपैकी काहीही आज करायचे नाही. ज्यांना हे आधीपासून जमते त्यांनी शेजारच्यांना अवश्य सांगावे, मात्र तोंडाने सांगावे आणि त्यांचा फोन आपल्या हातात घेऊ नये. घरी नातवंडे नेमके तेच करतात. काम क्षणात होते आणि आपले शिकणे राहूनच जाते.

आधी फोन डोळ्यांना सोसेल असा करू

वाचायचा चष्मा लावावा. फोनमध्ये Settings उघडून Display या ओळीवर बोट टेकवावे आणि तिथे Font size शोधावे. काही फोनमध्ये हे शब्द थोडे वेगळे असतात. सापडले नाहीत तर हात वर करावा, स्वयंसेवक येतील. अक्षरे एक-दोन टप्पे मोठी करावीत, अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत नेऊ नयेत, कारण अक्षरे फार मोठी झाली की पैसे देण्याचे बटण पडद्याच्या खाली ढकलले जाते आणि ते दिसत नसल्यामुळे ॲप बिघडले असे आपल्याला वाटते. बटण कधी दिसले नाही तर बोटाने पडदा हळूच वर सरकवून पाहावा. त्याच ठिकाणी Screen timeout हा पर्याय आहे. तो 2 मिनिटे ठेवावा, म्हणजे आपण वाचत असताना पडदा काळा होणार नाही.

बोटाबद्दल थोडे सांगायला हवे. पडद्याला नख लावू नये, बोटाच्या पुढच्या पेराचा मऊ भाग लावावा आणि लगेच उचलावा. बोट दाबून धरले तर फोन त्याचा निराळाच अर्थ घेतो आणि चिन्हे हलू लागतात. वयाबरोबर बोटांची त्वचा कोरडी होते, त्यामुळे कधी स्पर्श लागतच नाही; अशा वेळी जोर न लावता बोट ओलसर रुमालाला टेकवून पुसावे आणि पुन्हा प्रयत्न करावा.

थांबू या.

पैसे असतात कुठे

"फोन हरवला तर पैसेही गेले का?" असे मागच्या वेळी अनेकांनी विचारले होते. पैसे फोनमध्ये नसतात, ते आपल्या बँकेच्या खात्यातच असतात. यूपीआय ही 2016 साली सुरू झालेली व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था चालवते. फोनवरचे ॲप आपला निरोप बँकेला पोहोचवते आणि पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात. तो निरोप खरोखर आपलाच आहे हे बँकेला यूपीआय पिनवरून कळते. हा पिन 4 किंवा 6 अंकी असतो. फोनचे कुलूप उघडण्याचा आकडा आणि एटीएमचा आकडा हे दोन्ही त्याहून वेगळे आहेत, आणि तिन्ही एकच ठेवू नयेत अशी आग्रहाची विनंती आहे. फोन हरवलाच तर मात्र सिम कार्ड बंद करून घ्यावे आणि बँकेलाही लगेच कळवावे.

एक रुपया

प्रत्येक टेबलावर काळ्या-पांढऱ्या चौकटीचा एक कागद आहे. भाजीवाल्याच्या गाडीवर असतो तसाच हा क्यूआर कोड आहे आणि तो आपल्या टेबलावरच्या स्वयंसेवकाच्या खात्याचा आहे.

ॲप उघडून स्कॅनच्या चिन्हावर बोट टेकवावे. कॅमेरा सुरू होईल. फोन कागदापासून वीतभर उंच धरावा. हात थरथरत असेल तर कोपर टेबलावर टेकवावे. चौकट ओळखली गेली की पडदा आपोआप बदलतो, कुठलेही बटण दाबावे लागत नाही.

थांबू या.

आता पडद्यावर एक नाव आले आहे. ते मोठ्याने वाचावे आणि स्वयंसेवकाला "हे आपलेच नाव ना?" असे विचारावे. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. दुकानातही असेच विचारावे, कारण मूळ कोडवर दुसराच कागद चिकटवून पैसे भलत्याच खात्यात वळवण्याचे प्रकार घडलेले आहेत. दुकानाची पाटी एका नावाची आणि खाते मालकाच्या नावाचे, असेही पुष्कळदा असते; म्हणून नाव वेगळे दिसल्यास घाबरू नये, विचारून खात्री करावी.

आता रकमेच्या जागी 1 हा आकडा लिहावा. मेथीच्या जुडीचे 30 रुपये देताना 300 होणे अगदी सोपे आहे, म्हणून लिहिलेली रक्कमसुद्धा मोठ्याने वाचावी. मग पैसे देण्याचे बटण दाबावे. बँकेचा पिन विचारणारा पडदा येईल. इथे मात्र मोठ्याने काही बोलू नये, फोन छातीजवळ घेऊन पिन टाकावा.

थांबू या. या टप्प्यावर पाच-सात मिनिटे लागली तरी चालतील.

चाक फिरतच राहिले तर

कधी गोल चाक फिरत राहते किंवा व्यवहार प्रलंबित असल्याचे दिसते. अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा पैसे देऊ नयेत, ॲपमधील व्यवहारांची यादी उघडून पाहावी. खात्यातून पैसे वजा झाले आणि समोरच्या व्यक्तीला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराच्या बाबतीत ही मुदत 5 दिवसांची आहे. त्यानंतर उशीर झाला तर बँकेने दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असते. चुकीच्या माणसाला गेलेले पैसे मात्र असे आपोआप परत येत नाहीत, म्हणून नव्या व्यक्तीला मोठी रक्कम द्यायची असल्यास आधी एक रुपया पाठवून तो मिळाल्याचे फोनवर विचारून घ्यावे.

पिन कधी टाकायचा

पैसे देताना आणि खात्यातील शिल्लक पाहताना पिन लागतो. पैसे मिळवण्यासाठी तो कधीही लागत नाही. "आपले पैसे परत करायचे आहेत, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असे कुणी म्हणाले, तर तो माणूस पैसे देण्यासाठी नव्हे, घेण्यासाठी बोलतो आहे. "आज रात्री वीज तोडली जाईल" असा संदेश, किंवा आपण पोलीस असल्याचे सांगून "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, घरात कुणाला सांगू नका" असे धमकावणारा फोन, यांत घाई आणि भीती मुद्दाम घातलेली असते. अशी कुठलीही अटक कायद्यात नाही. फोन ठेवून द्यावा आणि घरातल्या कुणाला तरी बोलवावे. कुणाच्या सांगण्यावरून नवे ॲप घेऊ नये, कारण आपला पडदा दुसऱ्याला दाखवणारी ॲप असतात आणि त्यांतून पिनही दिसू शकतो.

तरीही पैसे गेलेच, तर 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर त्याच क्षणी फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. लाज वाटून दोन दिवस गप्प राहिले की पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत जातात आणि अडवणे कठीण होते. हा क्रमांक आत्ताच फोनमध्ये जतन करून ठेवू.

थांबू या.

या आठवड्यात

ओळखीच्या एकाच दुकानात, गर्दी नसताना, 50 रुपयांच्या आतली एक खरेदी फोनवरून करावी. खिशात सुटे पैसे असू द्यावेत. रेंज गेली तर रोख देऊन निघावे. पुढच्या गुरुवारी येताना फोन पूर्ण चार्ज करून आणावा, आपण वीजबिल भरणार आहोत.